बेभरवशाचा निवेदक म्हणजे खोटारडा निवेदक का? ('द रिमेन्स ऑफ द डे')

मुक्ता_वाचते

आमच्या साहित्याच्या वर्गाला या सत्रात काझुओ इशिगुरोची 'द रिमेन्स ऑफ द डे' ही १९८९ची कादंबरी आहे. स्टीव्हन्स नावाचा एक म्हातारपणाकडे झुकलेला बटलर जुलै १९५६ मध्ये मालकाची गाडी घेऊन सहा दिवसांच्या प्रवासाला निघतो आणि वाटेत जुन्या आठवणी सांगत राहतो. सगळी गोष्ट त्याच्याच तोंडून येते.

सरांनी सांगितलं की स्टीव्हन्स हा 'अनरिलायबल नॅरेटर'चा, म्हणजे अविश्वसनीय निवेदकाचा, उत्तम नमुना आहे, आणि उदाहरण देऊन सिद्ध करायला एक टिपण लिहायला दिलं. मी लिहिलं की तो खोटं बोलतो. त्याने आयुष्याची उमेदीची वर्षं लॉर्ड डार्लिंग्टनकडे काढली, आणि कोणी विचारलं की "त्यांच्याकडे होतात का?" तर सरळ नाही म्हणतो. एकदा नाही, दोनदा. मला हे अगदी पक्कं उदाहरण वाटलं होतं.

टिपण परत आलं त्यावर सरांचा एकच शेरा: "खोटं कोणाशी?" बाकी काही नाही.

दोन दिवस डोक्यात तेच चाललंय. तो खोटं बोलतो त्या पात्रांशी. मला, म्हणजे वाचकाला, तो स्वतःहून सांगतो की मी असं म्हणालो. मग माझ्याशी तो खरंच वागला ना? मग त्याला बेभरवशाचा म्हणायचं कशावरून? कोणी वाचली असेल तर समजावून सांगा. टिपण पुन्हा लिहायचंय.

टिंब

एवढं अवघड काय आहे त्यात? निवेदक खोटं बोलला की अविश्वसनीय, खरं बोलला की विश्वसनीय. एकाशी खोटं बोलणारा दुसऱ्याशी खरं बोलेल याची खात्री काय? तुमचं उदाहरण बरोबर आहे, तसंच ठेवा.

रानवारा

कादंबरी वाचलेली नाही. पण हे रहस्यकथेत असतं तसंच ना? शेवटी कळतं की सांगणाराच खुनी होता. यात शेवटी काय उघड होतं?

आसावरी

@रानवारा, तसं काहीच उघड होत नाही, तीच तर गंमत आहे. रहस्यकथेत निवेदक वाचकापासून काहीतरी लपवतो आणि लेखक ते शेवटच्या पानावर काढून दाखवतो. इथे स्टीव्हन्स स्वतःपासून लपवतोय. त्याला सोडून बाकी सगळ्यांना ते दिसतं, वाचकाला तर पन्नासाव्या पानापासून दिसायला लागतं. मिस केंटन नावाची घराची कारभारीण त्याच्यावर जीव लावून बसलेली असते आणि हा तिच्याशी फुलदाण्या, चादरी आणि नोकरांच्या वेळापत्रकावर बोलत राहतो. आणि वाचकालाही हे सगळं 'कामकाजाचे उत्तम संबंध' म्हणूनच सांगतो.

दस्तऐवज

मुक्ता, तुमच्या सरांचा शेरा छान आहे. मी हा विषय बरीच वर्षं शिकवलाय आणि दर वर्षी निम्मा वर्ग बरोबर याच जागी अडकतो.

@टिंब, तुमचं अर्धं बरोबर आहे. खोटं बोलणारा निवेदक बेभरवशाचा असतोच. पण प्रत्येक बेभरवशाचा निवेदक खोटारडा नसतो. वेन बूथने १९६१ मध्ये ही संज्ञा पहिल्यांदा मांडली तेव्हाच त्याने म्हटलं होतं की इथे प्रश्न खोटं बोलण्याचा असेलच असं नाही, बऱ्याचदा निवेदक चुकलेला असतो, किंवा आपल्यात नसलेले गुण आपल्यात आहेत असं मानत असतो. कसोटी अशी की निवेदक जे सांगतो आणि ज्या मूल्यांवर ती कलाकृती उभी आहे, त्यात अंतर पडतं का.

आता तुमचंच उदाहरण घेऊन बघा, कारण ते टाकून देण्यासारखं नाही. नीट वाचलंत तर त्या एका नकारामागे तीन वेगवेगळी कारणं सापडतात.

गाडीतलं पाणी संपतं, इंजिन तापतं, स्टीव्हन्स जवळच्या मोठ्या घरी मदत मागायला जातो. तिथला नोकर गाडी बघता बघता विचारतो, तुम्ही लॉर्ड डार्लिंग्टनकडे होतात की काय? हा म्हणतो छे, मी फॅरडे नावाच्या अमेरिकन गृहस्थांकडे असतो. तिथून निघाल्यावर त्याला आधीचा एक प्रसंग आठवतो. फॅरडेंकडे आलेल्या मिसेस वेकफील्ड या पाहुणीलाही त्याने हेच उत्तर दिलं होतं. त्यामुळे मालक नाराज झाला, कारण अस्सल इंग्लिश बटलर म्हणून मिरवावं आणि त्याने जुन्या लॉर्डकडे कामच केलं नाही म्हणावं, हे कसं चालेल. तेव्हा स्टीव्हन्सने मालकाला कारण दिलं की इंग्लंडात जुन्या मालकाबद्दल बोलायची पद्धत नाही, जसं एखाद्या बाईच्या दुसऱ्या नवऱ्यासमोर पहिल्याचा विषय काढत नाहीत. हे पहिलं कारण. मग वाचकाला म्हणतो की ते कारण अपुरं होतं. खरं म्हणजे लोक लॉर्डसाहेबांबद्दल इतकं अद्वातद्वा बोलतात की ते ऐकून घ्यायची वेळ येऊ नये म्हणून मी नाही म्हणालो. हे दुसरं. आणि लगेच वर सांगतो की त्यांच्याकडे काम केल्याचा मला अभिमानच आहे.

तिसरं कारण तो देत नाही. डार्लिंग्टन नाझी जर्मनीच्या बाजूला झुकलेला माणूस होता, युद्धानंतर त्याची बदनामी झाली, आणि आपण ज्याला सर्वस्व दिलं तो माणूस चुकला होता याची स्टीव्हन्सला शरम वाटते. अभिमान असलेला माणूस दोन-दोनदा नाकारेल का? हे तिसरं कारण वाचकाने पहिल्या दोघांच्या फटीतून काढायचं आहे.

म्हणजे घटना सांगण्यात तो भरवशाचा आहे. घटनेचा अर्थ सांगण्यात नाही. "खोटं कोणाशी?" या शेऱ्याचं उत्तर बहुधा "स्वतःशी" असं आहे.

मुक्ता_वाचते

बाप रे. हे मी तीन वेळा वाचलं. मी फक्त 'नाही म्हणाला' एवढ्यावर खूण केली होती, पुढची दोन पानं नुसती चाळली होती. आणि खरी गोष्ट त्या दोन पानांतच होती.

ओलावा

थोडं वेगळं लिहिते, विषय सोडून वाटलं तर सांगा.

माझे वडील शेवटच्या वर्षात एकच आठवण पुन्हा पुन्हा सांगायचे. धाकटा भाऊ घर सोडून गेला त्या रात्रीची. कधी म्हणायचे मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो. कधी म्हणायचे मी झोपलो होतो, सकाळी कळलं. आई म्हणायची दोन्ही खरं नाही, तुम्ही समोरच खुर्चीत बसून होतात आणि एक शब्द बोलला नाहीत. ते खोटं बोलत होते असं मला कधीच वाटलं नाही. मग ते बेभरवशाचे निवेदक होते असं म्हणायचं का?

दस्तऐवज

@ओलावा, विषय सोडून अजिबात नाही. ही आठवण इथे सांगितलीत, त्याबद्दल मनापासून आभार.

पण संज्ञेपुरतं मी 'नाही' म्हणेन, आणि कारण सांगतो. तुमच्या वडिलांच्या आठवणीच्या मागे ती रचणारं दुसरं कोणी नव्हतं. आई होती, पण ती दुसरी साक्षीदार. कादंबरीत निवेदकाच्या मागे लेखक उभा असतो आणि निवेदकाच्या नकळत तो वाचकाला खुणा देत असतो. बूथ त्याला प्रत्यक्ष लेखक न म्हणता ध्वनित लेखक म्हणतो, म्हणजे त्या पुस्तकाच्या रचनेतून आपल्याला जाणवणारा लेखक. स्टीव्हन्सच्या डोक्यावरून इशिगुरो आपल्याशी बोलतो. खऱ्या माणसाच्या बाबतीत असं कोणी नसतं. तिथे स्मृती चुकते, माणूस स्वतःला सांभाळतो, पण ती रचना नसते.

ओलावा

समजलं. तरी एक सांगते. तीन आवृत्त्यांपैकी वडिलांना कुठली हवी होती ते मला कळत होतं. दारापर्यंत सोडायला गेल्याची. मी वाचक म्हणून तेच करत होते ना, जे मुक्ता स्टीव्हन्सबरोबर करतेय?

दस्तऐवज

हो. वाचणं तेच होतं.

शब्दवेल्हाळ

या चर्चेत एक भाषेचा मुद्दा. 'अविश्वसनीय निवेदक' ही संज्ञाच घोटाळा करते. रोजच्या मराठीत अविश्वसनीय म्हणजे विश्वास बसणार नाही असं काहीतरी अचाट. अविश्वसनीय कामगिरी, अविश्वसनीय झेल. त्यामुळे विद्यार्थ्याला वाटतं की निवेदकाने काहीतरी अशक्य सांगायला हवं. 'अविश्वासार्ह' थोडं बरं, पण त्यातही माणूस लबाड असल्याचा वास येतो. मुक्ताने शीर्षकात वापरलेलं 'बेभरवशाचा' मला सगळ्यात नेमकं वाटतं. बेभरवशाच्या माणसाचा हेतू वाईट असतो असं नाही. फक्त त्याच्या शब्दावर विसंबून पुढचं ठरवता येत नाही.

टिंब

हे पटलं. मी 'लबाड' याच अर्थाने घेत होतो. पण मग एक शंका. चुकणारा आणि फसवणारा यांना एकाच नावाने का हाक मारायची? ही दोन माणसं वेगळी आहेत.

दस्तऐवज

@टिंब, नेमका हाच आक्षेप अभ्यासकांनीही घेतलाय. ग्रेटा ओल्सन हिने २००३ मध्ये चुकू शकणारा निवेदक आणि विश्वास ठेवू नये असा निवेदक अशी फोड केली. पहिल्याला परिस्थिती चुकवते, त्याला अपुरं दिसतं, म्हणून वाचक त्याला समजून घेतो. दुसऱ्याची चूक स्वभावातून येते, त्याच्यावर वाचक सुरुवातीपासूनच संशय धरतो. स्टीव्हन्सला यातल्या कुठल्या रकान्यात बसवायचं हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

आसावरी

माझ्या मते तिसराच रकाना हवा: कमी सांगणारा. वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग बघा. लॉर्ड डार्लिंग्टनच्या घरी १९२३ची ती मोठी परिषद चालू आहे, वर माडीवर स्टीव्हन्सचे वडील शेवटच्या घटका मोजतायत, आणि हा खाली पाहुण्यांना पोर्ट वाइन वाढत फिरतोय. निवेदनात तो स्वतःच्या मनाबद्दल अवाक्षर काढत नाही. पाहुणे काय म्हणाले, कोणाला काय हवं होतं, एवढंच. मग लॉर्ड डार्लिंग्टन जवळ येऊन विचारतात, स्टीव्हन्स, बरा आहेस ना? तू रडतोयस असं वाटतंय. तो हसतो, रुमाल काढून चटकन चेहरा पुसतो आणि दिवसभराच्या दगदगीवर ढकलतो.

तो रडत होता हे आपल्याला दुसऱ्याच्या संवादातून कळलं! निवेदकाने ते सांगितलंच नव्हतं. मी पहिल्यांदा वाचताना तिथून दोन पानं मागे गेले होते, माझ्याकडून एखादं वाक्य निसटलं की काय म्हणून. वाक्य नव्हतंच.

प्राजक्त

आसावरींचा प्रसंग फार चांगला. मला सगळ्यात हलवून गेली ती यानंतरची गोष्ट. त्या रात्रीकडे वळून बघताना त्याला आठवतो तो विजयाचा भाव. वडील गेले त्या रात्री.

कोरा_कागद

मला या सगळ्यात एक गोष्ट खटकते. तुम्ही सगळे गृहीत धरताय की बेभरवसा पुस्तकातच लिहिलेला असतो. पण तो वाचकाच्या डोक्यात असेल तर? जो वाचक स्वतः मानतो की नोकराने आधी कर्तव्य बघावं, भावना मागाहून, त्याला त्या प्रसंगात काहीच गैर दिसणार नाही. तो म्हणेल, शाब्बास, असाच माणूस हवा. मग स्टीव्हन्स त्याच्यासाठी भरवशाचा निवेदक. आन्सगर न्युनिंग नावाच्या जर्मन अभ्यासकाने हेच मांडलंय की वाचक आपल्या जगाची आणि मूल्यांची मोजपट्टी लावून विसंगती शोधतो, आणि निवेदक बेभरवशाचा ठरवणं ही वाचकाची एक युक्ती आहे, ती विसंगती मिटवायची. बूथचा तो 'ध्वनित लेखक' कोणी पाहिलाय?

दस्तऐवज

तुमचा आक्षेप वजनदार आहे. न्युनिंगने बूथच्या कल्पनेवर घेतलेला हल्ला योग्य जागी होता, आणि नंतर त्याने स्वतःच तो थोडा सौम्य केला, वाचक, मजकूर आणि लेखक तिघांनाही जागा देत.

पण तुमच्या 'शाब्बास' म्हणणाऱ्या वाचकाला मी एक प्रसंग दाखवेन. डार्लिंग्टन दोन यहुदी मोलकरणींना, रूथ आणि सारा यांना, त्या यहुदी आहेत एवढ्यावरून काढून टाकायला सांगतात. मिस केंटन चिडते, राजीनाम्याची भाषा करते. स्टीव्हन्स तिच्याशी हे एखादा जिन्नस बदलावा इतक्या कोरडेपणाने बोलतो. वर्षभराने लॉर्डसाहेबांना स्वतःलाच चूक वाटते. तेव्हा स्टीव्हन्स केंटनला म्हणतो की त्या वेळी मलाही फार वाईट वाटलं होतं. आणि ती विचारते, मग तेव्हा का नाही बोललात? तुम्हाला नेहमी सोंग का करावं लागतं?

इथे विसंगती वाचकाने बाहेरून आणलेली नाही. पुस्तकातलंच एक पात्र ती त्याच्या तोंडावर फेकतंय. वाचकाची मूल्यं कुठलीही असोत, हा प्रश्न पानावर छापलेला आहे.

कोरा_कागद

प्रश्न छापलेला आहे, मान्य. उत्तर छापलेलं नाही. मोलकरणींना काढतानाच्या प्रसंगात तो *वाचकाला* म्हणतो की माझं मन याच्या पूर्ण विरुद्ध होतं. आता हे त्या दिवसाचं मन, की १९५६ मध्ये आठवताना लावलेलं? लॉर्डसाहेबांनी चूक कबूल केल्यावर विरोध असणं सोपं असतं. या जागी केंटन बरोबर की स्टीव्हन्स खरा, हे तुम्ही पुस्तकातून सिद्ध करून दाखवा.

दस्तऐवज

नाही करता येणार. हे मला मान्य आहे.

अनुवादिनी

मी मधेच शिरते. व्यवसायाने भाषांतर करते, आणि हौस म्हणून या कादंबरीची काही पानं मराठीत करून पाहिली होती. भरवसा कुठे डळमळतो हे मला व्याकरणात दिसलं.

स्टीव्हन्स भावनेजवळ आला की 'मी' सोडतो. इंग्रजीत तो 'वन' वापरतो, जसं आपण 'माणसाला वाटतं', 'आपण काय करणार' असं म्हणतो. मी सुरुवातीला मराठीत कर्ता सरळ 'मी' करून टाकला, वाक्यं स्वच्छ झाली. आणि स्टीव्हन्स नाहीसाच झाला! एकदम मोकळ्या मनाचा, बोलका माणूस उभा राहिला. मग परत 'आपण' आणलं. "अशा वेळी आपल्याला थोडं वाईट वाटणं साहजिक आहे" असं वाक्य झालं की लगेच तो दोन पावलं मागे सरकतो.

म्हणून केंटनशी शेवटच्या भेटीतलं वाक्य इतकं लागतं. ती म्हणते की तुमच्याबरोबर माझं आयुष्य कसं झालं असतं याचा विचार कधीकधी मनात येतो. त्यावर तो वाचकाला सांगतो की त्या क्षणी माझं काळीज फाटत होतं. तिथे 'माझं' आहे. आडपडदा नाही. आणि तिला मात्र मोठ्याने सांगतो की आपल्याजवळ जे आहे त्यात समाधान मानायला हवं.

प्राजक्त

म्हणजे तिथे तो वाचकाशी भरवशाचा झाला आणि केंटनशी खोटा. मुक्ताच्या सरांचा शेरा पुन्हा आला की!

रानवारा

मी आज दुपारी पुस्तक मिळवलं आणि शंभर पानं वाचून काढली. सुरुवातीला तुमची सगळी चर्चा आठवून प्रत्येक ओळीवर संशय घेत होतो. त्यामुळे मिस केंटनच्या पत्राबद्दलही वाटलं की हा तिच्या नावावर काहीही खपवतोय. तिने लिहिलंय की पुढचं आयुष्य एखाद्या पोकळीसारखं समोर पसरलंय, असं तो सांगतो. बहुतेक बनावट असणार, नाही का?

आसावरी

@रानवारा, इथे सांभाळा. पुढचं थोडं सांगून टाकते, माफ करा. शेवटी भेट होते तेव्हा तो तिला हे वाक्य ऐकवतो. ती आधी हसून म्हणते, मी असं लिहिलंच नसेल. तो ठामपणे म्हणतो, लिहिलंय. मग ती कबूल करते की एखाद्या दिवशी असं वाटतं खरं.

म्हणजे शब्द त्याने बरोबर सांगितले होते. चुकला तो निष्कर्षात, की तिला डार्लिंग्टन हॉलवर परत कामाला यायचंय. मधे एके ठिकाणी पत्र पुन्हा वाचून तो मान्यही करतो की तसं स्पष्ट कुठे लिहिलेलं नाही.

बेभरवशाचा कळला की त्याचं सगळंच खोटं मानायचं, हीही एक चूकच. मी पहिल्या वाचनात तीच केली होती.

दस्तऐवज

आसावरींनी लाखमोलाचं सांगितलं. उत्तरपत्रिकांत मला ही चूक पहिल्या चुकीइतकीच दिसते. शिक्का मारला की पुढे वाचणं थांबतं. जेम्स फेलन या अभ्यासकाने म्हणूनच विचारायला सांगितलं की तो *कशात* चुकतोय: घटना सांगण्यात, त्यांचा अर्थ लावण्यात, की बरंवाईट ठरवण्यात. आणि चुकीचं सांगतोय की नुसतं कमी सांगतोय. एकाच परिच्छेदात तो एका बाबतीत पक्का आणि दुसऱ्यात डळमळीत असू शकतो.

मुक्ता, टिपणासाठी एक जागा सुचवतो, उत्तर सांगत नाही. मिस केंटनच्या खोलीचं बंद दार शोधा. दोन ठिकाणी आहे.

मुक्ता_वाचते

शोधलं. आज पहाटेपर्यंत तेच करत होते. लिहिते, चुकत असेन तर सांगा.

तिसऱ्या दिवशीच्या संध्याकाळच्या भागात केंटनला मावशी गेल्याचं कळतं. स्टीव्हन्स बाहेर येतो आणि त्याला वाटतं की ती आत रडत असेल. दार वाजवावं का, असा विचार करतो, वाजवत नाही. नंतर सांत्वन करायला म्हणून तिला गाठतो आणि नव्या मोलकरणींच्या कामातल्या चुका काढत बसतो.

चौथ्या दिवसाचा भाग सुरू होतो आणि तो पुन्हा त्याच दाराशी येतो. बंद दार, मागचा बोळ, ती आत रडतेय याची खात्री. फक्त आता म्हणतो की मी आधी ही आठवण मावशीच्या मृत्यूशी जोडली होती, तो बहुधा माझा घोटाळा झाला. ती रात्र वेगळीच होती, काही महिन्यांनंतरची.

वेगळी म्हणजे कुठली, तर ज्या रात्री तिने मिस्टर बेनशी लग्नाला होकार दिल्याचं त्याला सांगितलं. वर दिवाणखान्यात लॉर्ड डार्लिंग्टन पंतप्रधानांची आणि जर्मन राजदूताची गुप्त भेट घडवत होते. हा अभिनंदन करून वर निघून जातो. मग काही आणायला खाली येतो तेव्हा तिच्या दाराच्या कडांतून उजेड दिसतो. काही सेकंद थांबतो आणि ट्रे घेऊन पुढे जातो.

मला जे दिसलं ते असं. चित्र दोन्हीकडे तेच आहे. दार, बोळ, रडणं. बदललं ते रडण्याचं कारण. मावशी गेली म्हणून ती रडत असेल तर त्यात त्याचा काही संबंध नाही. बेनला होकार देऊन ती रडत असेल तर ती त्याच्यामुळे रडतेय. म्हणजे पहिल्या वेळी आठवणीने त्याला सोयीच्या जागी नेऊन उभं केलं होतं.

आणि चूक दुरुस्त करतो तोही तोच. कोणी पकडलं नव्हतं. लबाड माणूस दुरुस्ती कशाला करेल?

प्राजक्त

त्या दुसऱ्या रात्रीचा शेवट वाच मुक्ता. कमानीखाली उभा राहून त्याला काय वाटतं?

मुक्ता_वाचते

आत्ता पाहिलं. विजयाचा भाव. वडील गेले त्या रात्रीसारखाच. अंगावर काटा आला.

टिंब

मी माझं पहिलं उत्तर मागे घेतो. पण एक मुद्दा आहे माझ्याकडे. दुरुस्ती केली म्हणून तो आता भरवशाचा झाला असं नाही. दुसरी आवृत्ती तरी खरी कशावरून? ओलावांच्या वडिलांच्या दोन आवृत्त्या होत्या. तिथे आई होती सांगायला. इथे कोण आहे?

ओलावा

हेच लिहायला आले होते.

दस्तऐवज

मुक्ता, या टिपणाला मी पैकीच्या पैकी देईन. वाचन तुमचं आहे.

@टिंब, इथे आई नाही, पण एक गोष्ट आहे. पहिली आवृत्ती सांगणाऱ्याला सोपी जाते, दुसरी जड जाते. माणूस स्वतःला जड जाणारी आठवण उगीच रचत नाही, म्हणून मी दुसरीकडे झुकतो. हा पुरावा नाही, झुकाव आहे.

कोरा_कागद

की केंटन आपल्यासाठी रडली असावी अशी त्याची इच्छा आहे, आणि दोन दिवसांनी तिला भेटायचंय म्हणून आठवण तिकडे सरकली? मग दुसरी आवृत्तीच जास्त गोड झाली. हाही वाचनाचा एक मार्ग आहे, आणि पुस्तक तो बंद करत नाही.

आसावरी

दोन दिवस नाही हो. चौथ्या दिवसाचा भाग तो भेटीच्या आधी, त्याच दुपारी, हॉटेलात तिची वाट बघत आठवतोय. दुरुस्ती झाली तेव्हा ती भेट अगदी तोंडावर होती. त्यामुळे तुमचा मुद्दा उलट बळकटच होतो म्हणा.

शब्दवेल्हाळ

शेवटी वेमथ या समुद्रकाठच्या गावी, बंदराच्या धक्क्यावर एका अनोळखी माणसाशी बोलताना तो रडतो आणि म्हणतो की लॉर्डसाहेबांना निदान आपल्या चुका आपल्याच आहेत असं म्हणता आलं, मला तेही नाही. तिथे तर तो पूर्ण भरवशाचा झाला असं मी मानतो. एवढं स्वतःबद्दल कोणी खोटं बोलत नाही.

अनुवादिनी

मला तसं वाटत नाही. त्यानंतर लगेच तो ठरवतो की परत गेल्यावर नव्या मालकाशी थट्टामस्करी करायला शिकायचं, कारण मालकाला ते आवडतं. म्हणजे पुन्हा मालकच. रडला, रुमालाने पुसलं आणि परत पोर्ट वाढायला लागला. त्या पानाचं भाषांतर करताना मी सूर ठरवू शकले नाही. आशेचा लावला तरी जमतो, भकास लावला तरी जमतो.

शब्दवेल्हाळ

थट्टा करायला दुसरा माणूस लागतो. मी ते त्या बाजूने वाचलं.

रानवारा

एक विचारू? माझ्या प्रतीत पान गायब आहे का? चौथा दिवस संपला की एकदम सहावा दिवस, वेमथ. पाचवा दिवस कुठे आहे?

आसावरी

प्रत बरोबर आहे तुमची. पाचवा दिवस नाहीच. केंटनची भेट आपल्याला दोन दिवसांनंतर, वेमथला बसून सांगितलेली मिळते.

मुक्ता_वाचते

थांबा थांबा. म्हणजे भेटीच्या दुसऱ्या दिवशी तो काहीच बोलला नाही? सहा दिवस सतत बोलणारा माणूस?

टिपण उद्या द्यायचंय आणि मला आता दाराऐवजी यावर लिहावंसं वाटतंय. पण न सांगितलेल्या दिवसाचं उदाहरण कसं देतात?

दस्तऐवज

दारावरच लिहा. शेवटच्या ओळीत पाचव्या दिवसाचा नुसता उल्लेख करा आणि सरांना विचारा.